पहिल्या दोनशे फेऱ्या

डोंगरावरची किंवा किनाऱ्यावरची गर्दी हाताबाहेर गेली की बैठक बसते आणि बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे दिवसाला किती माणसं सोडायची? विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. फाटकावरच्या पाटीवर लिहिता येईल, बुकिंगच्या संगणकात भरता येईल आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर दाखवता येईल, असा. पायवाटांची मोजणी करणारी म्हणून अशा काही बैठकांना मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आहे. आकडा काढून द्यायला कोणी ना कोणी तयार असतंच. तो आकडा खोटा असतो असंही नाही. पण त्याच्या पोटात काय काय घातलंय, हे उघडून बघायची तसदी फारसं कोणी घेत नाही.

धारणक्षमतेचा, म्हणजे एखाद्या जागेला किती माणसं पेलवतील याचा, आकडा काढायची जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत मिगेल सिफुएन्तेस यांची. त्यांनी ती १९९२ मध्ये कोस्टा रिकामधून प्रसिद्ध केली आणि पुढे लॅटिन अमेरिकेतल्या उद्यानांपासून आशियातल्या किनाऱ्यांपर्यंत सगळीकडे ती पोचली. पोचायचं कारण सोपं आहे: त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही ती जमते. आधी जागेत माणसं नुसती मावतील किती ते काढायचं. मग पाऊस, उतार, धूप, वन्यजीवांचा विणीचा हंगाम अशा अडचणींप्रमाणे त्याला एकामागून एक कात्री लावायची. शेवटी त्या जागेचं व्यवस्थापन करणाऱ्यांकडे माणसं, साधनं, पैसा किती आहे ते बघून आणखी एकदा कापायचं. उरेल ती पेलवणारी संख्या.

एक काल्पनिक पायवाट घेऊन हे करून बघू. वाट २ किलोमीटरची आहे, दिवसातले ८ तास उघडी असते आणि एका माणसाला ती पुरी करायला २ तास लागतात. माणसाला चालायला १ मीटर जागा धरली, तर एका वेळी २००० माणसं मावतात. दिवसात अशा ४ पाळ्या होतात. म्हणजे ८०००. अर्थात, एकामागे एक मुंग्यांसारखी रांग लागली तर. तशी रांग कोणालाच नको असते, म्हणून आपण म्हणतो की माणसं १५-१५ च्या गटानं जातील आणि दोन गटांत ५० मीटर अंतर राहील. मग एका गटाला ६५ मीटर लागतात, वाटेवर एका वेळी ३० गट बसतात, ४५० माणसं, आणि चार पाळ्यांची मिळून १८००. वाटेचा काही भाग तीव्र उताराचा आहे, तिथे धूप होते, म्हणून ०.७ नं गुणायचं: १२६०. उघड्या तासांपैकी चौथा हिस्सा मुसळधार पावसात जातो, म्हणून ०.७५: ९४५. रखवालीला हवी त्याच्या निम्मीच माणसं आहेत, म्हणून पुन्हा निम्मे. हाती आले ४७२.

आठ हजारांवरून पावणेपाचशे. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी काटेकोर काळजी घेतली! आता मघाच्या ५० मीटरच्या जागी २५ लिहा. बाकी एका अक्षराला हात लावू नका. गटाला ४० मीटर लागतील, ५० गट बसतील, ७५० माणसं, दिवसाला ३०००, आणि त्याच सगळ्या कात्र्या लावून शेवटी ७८७. वाट तीच, माती तीच, पाऊस तोच, आणि आकडा दोन तृतीयांशांनी वाढला. ते अंतर कुठून आलं होतं? पुढच्या गटाचा गोंगाट मागच्याला ऐकू येऊ नये, आपण एकटे आहोत असं प्रत्येकाला थोडंफार वाटावं, म्हणून. ती माणसाच्या मनाची सोय आहे. वाटेकडेच्या रोपाला दोन गटांत ५० मीटर अंतर होतं की २५, हे कळायला काही मार्ग नाही. त्याच्यावर पाय पडला की नाही, एवढंच त्याला कळतं.

माझा या रीतीवर राग नाही. निदान ती प्रत्येक गृहीतक कागदावर मांडायला लावते आणि ज्याला वाचायचंय त्याला ते वाचता येतं. पण या गणितात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: माणसं निम्मी केली की नुकसान निम्मं होईल. तीच जमिनीवर खरी ठरत नाही.

डेव्हिड कोल हे अमेरिकेच्या वन खात्यात संशोधक होते. त्यांचं निम्मं आयुष्य पायाखाली काय होतं हे बघण्यात गेलं. १९९३ मध्ये त्यांनी नील बेफील्ड यांच्यासोबत तुडवणुकीच्या प्रयोगाची एक प्रमाण पद्धत मांडली. ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं होतं. कोणी न तुडवलेल्या झाडोऱ्यात अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पट्टे दोऱ्यानं आखायचे. एक पट्टा तसाच सोडायचा. बाकीच्यांवरून एका माणसानं नेहमीच्या चालीनं चालत जायचं: एकावरून २५ वेळा, दुसऱ्यावरून ७५, तिसऱ्यावरून २००, चौथ्यावरून ५०० वेळा. दोन आठवड्यांनी येऊन कुठल्या जातीची किती हिरवाई उरली ते मोजायचं आणि वर्षानं पुन्हा यायचं, किती परत आली ते बघायला.

असे पट्टे मी जवळून पाहिले आहेत. पंचवीस फेऱ्यांच्या पट्ट्यात आधी काहीच झालं नाही असं वाटतं. खाली बसून बघितलं की दिसतं, उंच देठाची रुंद पानांची झाडं मोडून एका बाजूला झोपली आहेत आणि मोडलेल्या जागी देठ काळा पडू लागलाय. गवताला मात्र काही झालेलं नसतं. पंच्याहत्तरच्या पट्ट्यात ती रुंद पानांची झाडं ओळखायलाही येत नाहीत, मधूनमधून जमिनीवरचा पालापाचोळा चुरा होऊन सरकलेला असतो. दोनशेला पट्टा लांबूनही पट्टा म्हणून दिसतो. आणि पाचशेचा पट्टा? सावलीतल्या कोवळ्या झाडोऱ्यात तरी तो दोनशेच्या पट्ट्याहून फार वेगळा दिसत नाही. मरायचं ते बहुतेक दोनशेच्या आत मरून गेलेलं असतं. पुढच्या तीनशे फेऱ्यांना मारायला उरतं काय?

यातूनच एक वक्ररेषा निघते. आडव्या अक्षावर वापर आणि उभ्यावर नुकसान मांडलं, तर रेघ सुरुवातीला खड्या चढासारखी वर जाते आणि मग आडवी पडते. ठिकाण बदललं, झाडोरा बदलला, तर चढ कमीजास्त होतो, पण आकार बहुतेक ठिकाणी हाच येतो.

आता दिवसाला १००० माणसं जातात अशी जुनी, रुळलेली वाट घ्या. ती रेघेच्या आडव्या भागात आहे. तिथे १००० चे ५०० केले, तर वाटेतल्या झाडोऱ्याला काहीच फरक पडत नाही, कारण वाटेत झाडोराच नाही. उलट कोणाचाही पाय न लागलेल्या एखाद्या उंच कुरणात १५ जणांचा एक गट एकामागे एक गेला आणि त्याच मार्गानं परत आला, तर ३० फेऱ्या झाल्या. प्रयोगातला पहिला पट्टा त्यांनी एका दुपारी ओलांडला. दिवसाला २० माणसं जाऊन-येऊन करू लागली, तर दोन आठवड्यांच्या आत पाचशे फेऱ्या होतात. कुणाच्याही नजरेत न भरणारी, ‘गर्दी’ या शब्दाला अजिबात न शोभणारी वीस माणसं.

झाडोऱ्या-झाडोऱ्यातला फरक इथे फार मोठा आहे. दाट जंगलाच्या सावलीतली रुंद पानांची झाडं आणि वाऱ्याला तोंड देत वाढलेलं उंचावरचं चिवट गवत यांच्या सहनशक्तीत वीस पटींहूनही जास्त अंतर निघतं. गंमत अशी की उंच, थंड, रुक्ष म्हणजे नाजूक, हा आपला अंदाज दरवेळी बरोबर येत नाही. झाडाचे पुढच्या वर्षी फुटणारे कोंब कुठे आहेत, यावर बरंचसं ठरतं. गवताचे कोंब मातीला लागून किंवा मातीच्या आत असतात, वरचं पातं तुटलं तरी खालून पुन्हा येतं. खुरट्या, काष्ठी झुडपांचे कोंब जमिनीच्या थोडे वर, नेमके बुटाच्या उंचीवर असतात. ही झुडपं पहिला मार बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी मोजलं तर ती टणक वाटतात. वर्षानं गेलं की कळतं, मोडलं ते मोडलंच. म्हणून दुसऱ्यांदा जाऊन मोजण्याला इतकं महत्त्व. पहिल्या मोजणीवरच अहवाल लिहून टाकला, तर जी जागा सगळ्यात आधी जपायला हवी तीच ‘सक्षम’ म्हणून नोंदली जाते.

झाडोरा गेल्यावर गोष्ट संपत नाही, ती मातीत शिरते. वरचा पालापाचोळा हलला की उघडी माती बुटाखाली दबते. मातीतली मोठी छिद्रं, ज्यांतून पावसाचं पाणी झटकन खाली मुरतं, ती आधी मिटतात. मग तेच पाणी वरून वाहू लागतं. वाट जर उताराच्या दिशेनं सरळ खाली उतरत असेल, तर पाण्याला दुसरा रस्ताच नसतो. वाट हीच त्याची नाली. ती खोल होत जाते, मुळं उघडी पडतात, मग दगड. इथून पुढे माणसं कमी आली की जास्त, याला फारशी किंमत राहत नाही, माती पाणी नेतं. जेफ मॅरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पायवाटांच्या मोजणीत हेच पुन्हा पुन्हा दाखवलंय: वाट उताराला आडवी आहे की उताराबरोबर सरळ खाली धावते, यावर तिची धूप मोठ्या प्रमाणात ठरते. उताराला आडव्या काढलेल्या वाटेवरून पाणी कडेला सोडता येतं. सरळ उतरणाऱ्या वाटेवरून ते सोडायचं कुठे? दोन्ही कडा वाटेपेक्षा उंच असतात.

वाट रुंद कशी होते, हे बघायचं तर पाऊस पडून गेल्यावर तासभर एका सपाट, ओल्या जागी थांबावं. मी थांबते, मला त्याचा नादच आहे. वाटेच्या मधोमध पाणी साचलेलं असतं. पहिला माणूस येतो, बुटांकडे बघतो आणि कडेच्या गवतावरून जातो. दुसरा त्याच्याच पावलावर पाऊल टाकतो. चारपाच जण गेले की कडेलाही चिखल होतो, मग सहावा त्याच्याही बाहेरून जातो. समोरून येणारे थांबत नाहीत, ते दुसऱ्या कडेनं जातात. दोन मित्रांना गप्पा मारत जोडीनं चालायचं असतं, त्यांतला एक कायम बाहेर असतो. यांतला एकही माणूस बेपर्वा नाही. प्रत्येकानं बूट वाचवला. हंगामाच्या शेवटी फीत लावली की हातभर वाट दोन-अडीच मीटरची झालेली असते आणि थोड्या अंतरावर तिला समांतर दुसरी फिकट रेघ उमटलेली असते. ती दुसरी रेघ दिसली की मी वहीत लाल खूण करते. पहिल्या वाटेचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. दुसरी अजून त्या दोनशे फेऱ्यांच्या आत असते, आणि तिथेच काही करण्यात अर्थ असतो.

म्हणजे त्या ओल्या जागी दगडांची फरसबंदी केली किंवा फळ्यांची उंच वाट बांधली, तर तेवढीच माणसं जातील, कदाचित जास्तही, आणि नुकसान कमी होईल. न बांधता माणसं निम्मी केली, तरी उरलेली निम्मी चिखल टाळतीलच. निसर्गाच्या ठिकाणी फरसबंदी म्हटली की पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडतात. माझ्याही पडायच्या. पण मेलेल्या जागेवर दगड घालून जिवंत कड वाचत असेल, तर मी दगडाच्या बाजूनं मत देते.

किनाऱ्यावर पायांपेक्षा होड्यांचे नांगर आणि पंखे जास्त नुकसान करतात. थायलंडच्या अंदमान समुद्रातल्या फी फी ले बेटावरची माया बे ही खाडी आता बरीच माहीत झाली आहे. तीन बाजूंनी चुनखडीचे उभे कडे, मधे उथळ, निवळ पाणी आणि टोकाला जेमतेम अडीचशे मीटरची पांढरी पुळण. एका गाजलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं आणि हळूहळू दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसं येऊ लागली. ती येत दोनशेच्या आसपास होड्यांमधून, आणि खाडीला तोंड एकच, म्हणून सगळ्या होड्या त्याच उथळ पाण्यात शिरत, नांगर टाकत, गाळ ढवळत पुळणीला नाक लावत. प्रवाळाचा मोठा भाग मोडला. ज्या शार्कची पिल्लं त्या उथळ पाण्यात वाढायची, ते काळ्या टोकांच्या पराचे शार्क खाडीतून दिसेनासे झाले. जून २०१८ मध्ये खाडी बंद केली, ती सुरुवातीला चार महिन्यांसाठी. चार महिन्यांत प्रवाळाचं काही होत नाही हे कळायला वेळ लागला नाही आणि बंदी वाढत गेली. मधे महासाथीनं जगाचाच प्रवास थांबवला. खाडी उघडली ती जानेवारी २०२२ मध्ये.

उघडताना त्यांनी काय केलं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. माणसांवर मर्यादा आली: तासाभराच्या पाळ्या, एका पाळीत चारशेच्या आत माणसं. दिवसाची बेरीज केली तर आकडा पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास येतो. बातम्यांनी हाच आकडा उचलला. खरी कलाटणी मात्र दुसऱ्या बदलानं मिळाली. होड्यांना खाडीत यायलाच बंदी झाली. त्या बेटाच्या मागच्या बाजूच्या लोह सामा खाडीत तरंगत्या धक्क्याला लागतात आणि माणसं तिथून फळ्यांच्या वाटेनं चालत पुळणीवर येतात. खाडीत पोहायलाही बंदी. शिवाय दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सगळंच बंद. माणसं निम्मी झाली, पण खाडीतले नांगर शून्यावर आले. शार्क तर खाडी बंद झाल्यावर काही महिन्यांतच परतायला लागले होते. त्यांना पुळणीवर फोटो काढणारी माणसं तीनशे आहेत की सहाशे, याच्याशी फारसं देणंघेणं नसावं. मोडलेल्या प्रवाळाच्या जागी नव्यानं लावलेले प्रवाळ मात्र सावकाशीनं वाढणार. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोळ्यासारखे वाढणारे तर मिलिमीटरांत.

पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांचाही असाच आकडा आहे. ज्युली हॉकिन्स आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये एका प्रवाळस्थळाला वर्षाला ५००० ते ६००० बुड्या झेपतील असा अंदाज मांडला आणि तो आजही जगभर उद्धृत होतो. पण रॉबर्ट्स यांनीच पुढे निकोला बार्कर यांच्याबरोबर सेंट लुशिया बेटावर बुडी मारणाऱ्यांच्या मागे पाण्यात राहून, कोण किती वेळा प्रवाळाला धडकतं ते मोजलं. बहुतेक धडका पायातल्या फिन्सच्या होत्या, आणि मारणाऱ्याला बहुतेकदा पत्ताही नव्हता. बुडीआधी होडीवर दिलेल्या छोट्या सूचनेचा काही उपयोग झाला नाही. मार्गदर्शकानं पाण्यात जवळ जाऊन, हातानं खूण करून सावध केलं, तेव्हा मात्र धडका मिनिटाला ०.३ वरून ०.१ वर आल्या. बुड्यांची संख्या तीच, आणि धडका तिसऱ्या हिश्श्यावर. मग त्या स्थळाची क्षमता ५००० धरायची की १५,०००? मी दोन्ही धरणार नाही. मी आधी विचारीन, एका मार्गदर्शकामागे किती जण पाण्यात उतरतात.

यावरून आकड्याला अर्थच नाही असं कोणी म्हणेल, तर तेही चूक. काही ओझी माणसांबरोबर सरळ रेषेत वाढतात. पाणी आणि मैलापाणी ही त्यांतली मुख्य. माणूस बेटावर राहिला की तो रोज ठरावीक पाणी वापरतो आणि तेवढंच घाण करून सोडतो, मग तो कितीही सभ्य असो. फिलिपिन्सचं बोराके बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं. तिथलं मैलापाणी थेट समुद्रात जात होतं आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी बेटाला चक्क गटारकुंड म्हटलं. २६ एप्रिल २०१८ रोजी बेट सहा महिन्यांसाठी बंद करून नळ, गटारं, अतिक्रमणं यांना हात घालण्यात आला. उघडताना दोन आकडे ठरले: बेटावर एका वेळी जास्तीत जास्त १९,२१५ पर्यटक, आणि दिवसाला नवे येणारे ६४०५.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ६४०५ ला ३ नं गुणलं की बरोबर १९,२१५ येतात. म्हणजे पाहुणा सरासरी तीन दिवस राहतो असं धरलं की दोन्ही जुळतात. धक्क्यावर तुम्ही मोजता ते येणारे. गटारावर भार पडतो तो राहणाऱ्यांचा. उद्या पाहुणे चार दिवस राहू लागले, तर धक्क्यावरची मर्यादा काटेकोर पाळूनही बेटावर २५,६२० माणसं होतील आणि कागदावर कोणीही नियम मोडलेला नसेल. शिवाय सुट्ट्या असतातच. २०२२ च्या ईस्टरच्या दिवसांत ती मर्यादा ओलांडली गेलीच. मैलापाण्याच्या यंत्रणेला वर्षाची सरासरी कळत नाही. तिच्या क्षमतेपलीकडचं पाणी आलं की ते जसंच्या तसं पुढे जातं.

म्हणून मला १९८५ मध्ये अमेरिकेच्या वन खात्यातल्या जॉर्ज स्टँकी, कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली उलटी रीत जास्त प्रामाणिक वाटते. त्यांनी ‘किती माणसं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती बदल चालवून घ्यायचा’ असं विचारायला सुरुवात केली. वाटेची रुंदी किती वाढलेली चालेल? समांतर रेघा किती? मोडलेला प्रवाळ शंभरात किती? मैलापाण्यातले जंतू किती? ते आधी लिहून काढायचं, दरवर्षी त्याच खुणेच्या जागी जाऊन मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की काय करायचं तेही आधीच ठरवायचं. त्यात वाट वळवणं येतं, बोया बसवून नांगर बंद करणं येतं, हंगामी बंदी येते आणि माणसं कमी करणंही येतं.

बैठकीत हे मांडलं की सगळे माना डोलावतात आणि मग कोणीतरी विचारतं, “ते ठीक आहे हो मॅडम, पण आकडा किती लिहू?” त्यांचीही अडचण खरी आहे. आकडा एका दिवसात लागू होतो. मोजणीला माणूस लागतो, दरवर्षी, त्याच जागी, आणि मोजून झाल्यावर अप्रिय निर्णय घेणारा वरिष्ठ लागतो. आकड्याला हे दोन्ही लागत नाहीत. नेमक्या कोणत्या मोजणीला काय करायचं हे लिहिलेलं नसेल, तर स्टँकी-कोल यांची रीतसुद्धा दरवर्षी फुगत जाणारी फाइल होते. अशा फायली मी पाहिल्या आहेत. वाट किती रुंद झाली याच्या सुबक आलेखांनी भरलेल्या, आणि वाटेवर एक दगडही न हललेला.

फाटकावरच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट मला बैठकीत दरवेळी विचारावीशी वाटते, आणि तिला अजून धड उत्तर मिळालेलं नाही. कोटा भरला म्हणून परत पाठवलेली माणसं जातात कुठे? ती सुट्टी घेऊन, लांबून आलेली असतात. ती घरी जात नाहीत. फोनवर जवळची दुसरी जागा शोधतात. तिथे फाटक नसतं, फरसबंदी नसते, नावही नुकतंच कोणीतरी टाकलेलं असतं. प्रसिद्ध वाटेवर त्या दोनशे माणसांनी जवळपास काहीच बिघडवलं नसतं, कारण ती वाट रेघेच्या आडव्या भागात केव्हाच पोचलेली आहे. शेजारच्या कुरणात तीच दोनशे माणसं पहिल्याच दिवशी खडा चढ चढून जातात. कोट्याच्या तक्त्यात शेजारच्या जागांचा रकाना नसेल, त्या जागांची पहिली मोजणी कोटा लागू होण्याआधीच करून ठेवलेली नसेल, तर वर्षानं आपण फक्त एकाच वाटेची रुंदी मोजू, ती वाढलेली नसेल, आणि अहवालात कोटा यशस्वी झाल्याचं लिहिलं जाईल.